रांग आपल्या राउटरमध्ये हवी

संध्याकाळी सात वाजता पुण्यातल्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात गेलात, तर निम्मी माणसं हेडफोन लावून बसलेली दिसतात. उन्हाळ्यात त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ झालेले असतात. तिकडचा दिवस सुरू होत असतो, इकडचा संपत आलेला असतो आणि दोघांना सोयीचे तेवढेच दोन-तीन तास असतात. नेमका याच वेळी आवाज तुटायला लागतो. "येतोय का आवाज?" हा प्रश्न चारही कोपऱ्यांतून ऐकू येतो, समोरच्याचा चेहरा उघड्या तोंडानिशी गोठतो, आणि शेवटी कंटाळून सगळे आपापले कॅमेरे बंद करतात. कुणीतरी स्पीड टेस्ट लावून पाहतं, तर आकडा चांगला भरघोस येतो. मग नेटवाल्याला फोन जातो, तो दुप्पट वेगाचा प्लॅन सुचवतो, ऑफिस तो घेतं, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच.

असं होतं कारण तपासणी चुकीच्या गोष्टीची होते. नळाची रुंदी मोजली जाते, आणि बिघाड असतो तो नळाच्या तोंडाशी साचलेल्या रांगेत. ही रांग कुठे लागते, किती लांब होते आणि तिला कुणी आवरायचं, हे समजलं की बरेचदा आहे त्याच जोडणीवर कॉल नीट चालतात.

आधी वेळेचा हिशेब पाहू. दूरसंचाराची मानकं ठरवणाऱ्या आयटीयू या आंतरराष्ट्रीय संघटनेची जी.११४ नावाची शिफारस आहे. संभाषण सहज वाटायला हवं असेल तर एका तोंडून निघालेला आवाज दुसऱ्या कानापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, असा तिचा साधारण आशय. पुणे ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या प्रवासालाच साठेक मिलिसेकंद लागणार. प्रत्यक्षात समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, वाटेत कितीतरी उपकरणं असतात, त्यामुळे शंभराच्या पुढे सहज जातात. म्हणजे दीडशेतली बहुतेक शिल्लक अंतरानेच खाल्लेली असते. उरलेले वीस-तीस मिलिसेकंद तेवढे आपल्या ऑफिसच्या हातात आहेत, आणि ते आपण उधळतो.

कसे, ते पाहण्यासाठी बाणेरमधलं एक ऑफिस कल्पू. माणसं चोवीस, फायबरची जोडणी, कागदावर येताना १०० आणि जाताना १०० एमबीपीएस. दुपारी मोजलं तर जाण्याचा वेग नव्वदीच्या घरात येतो. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत आसपासच्या इमारतीही घरी परतून मालिका आणि क्रिकेट पाहायला बसतात. ब्रॉडबँडची फायबर शेजारपाजाऱ्यांत वाटलेली असते, म्हणून आपल्या ऑफिसचा जाण्याचा वेग त्या वेळी सर्वांत वाईट दिवशी ५२ पर्यंत उतरतो. हा ५२ चा आकडा लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशेब दुपारच्या नव्वदवर नाही, यावर करायचा आहे.

आता सात वाजता या ऑफिसात एक रोजचा बॅकअप सुरू होतो. लावणाऱ्याने विचार चांगलाच केला होता: सातला ऑफिस सुटतं, तेव्हा लाईन मोकळी असेल. त्याच वेळी कुणीतरी डिझाईनची जड फाईल ड्राइव्हवर चढवत असतं, आणि खिशातले फोन वायफाय दिसल्याबरोबर दिवसभराचे फोटो वर पाठवत असतात. फाईल पाठवणारा प्रत्येक प्रोग्रॅम वेग वाढवत नेतो, तो कुठपर्यंत? तर कुठेतरी डेटाची पाकिटं पडायला लागेपर्यंत. पाकिटं पडली की त्याला कळतं, लाईन भरली. पण नेटवाल्याच्या डब्यात पाकिटं सहजासहजी पडत नाहीत, कारण आत साठवणीची जागा मोठी असते. पाकिटं टाकून देण्यापेक्षा तो ती साठवून ठेवतो. ही जागा ४ मेगाबाइट धरली, तर बाइटचे बिट करायला आठाने गुणून ३२ मेगाबिट होतात. ५२ एमबीपीएसच्या लाईनवर ते रिकामे व्हायला सहा दशांश सेकंद लागतात. म्हणजे आपल्या आवाजाचं पाकीट त्या डब्यापाशी पोहोचल्यावर ६०० मिलिसेकंद नुसतं उभं राहतं, आणि त्यानंतर न्यूयॉर्कचा प्रवास सुरू करतं. वेग एका एमबीपीएसनेही कमी झालेला नसतो. म्हणूनच स्पीड टेस्ट समाधानकारक आकडा दाखवते.

या आजाराला 'बफरब्लोट' हे नाव जिम गेटिस या अमेरिकी अभियंत्याने २०१० च्या अखेरीला दिलं. घरून मोठ्या फायली पाठवताना बाकी नेट मरतं कसं, याचा माग काढताना त्याला ही फुगलेली साठवण सापडली. मेमरी स्वस्त झाल्यामुळे उपकरणं बनवणाऱ्यांनी साठवण वाढवत नेली होती, आणि पाकिटं न पडणं म्हणजे चांगलं असा सगळ्यांचा समज होता.

तुमच्या ऑफिसात हेच चाललंय का, हे ओळखायला पाच मिनिटं पुरतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत आपल्या राउटरला हाक मारत राहा, दुसरीत बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

राउटरचा पत्ता तुमच्याकडे वेगळा असू शकतो. दोन्हीकडे येणारे मिलिसेकंदांचे आकडे पाहत, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एखादी एक जीबीची फाईल ड्राइव्हवर चढवायला घ्या. बाहेरचा आकडा १० वरून ४०० किंवा ६०० वर उडाला आणि राउटरचा १-२ वरच राहिला, तर रांग नेटच्या तोंडाशी आहे. राउटरचाच आकडा उड्या मारायला लागला, तर दोष वायफायमध्ये आहे, आणि नेटवाल्याला दहा फोन केले तरी काही होणार नाही. हा फरक आधी करून घेणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ऑफिसं तो न करताच पैसे खर्च करतात. वायफायचा दोष निघाला तर रोज कॉल घेणाऱ्यांच्या टेबलापर्यंत केबल ओढणं हा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. ते जमत नसेल तिथे निदान त्यांचे लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्यावेत.

दोष नेटच्या तोंडाशी निघाला, तरी आधी लाईन मुळात पुरेशी आहे का ते पाहायला हवं. लाईनच अपुरी असेल तर रांगेचं कितीही उत्तम व्यवस्थापन केलं तरी त्यातून नवी जागा निर्माण होत नाही. इथे माणसं मोजू नका. आठवड्याचं कॅलेंडर उघडा आणि ज्या अर्ध्या तासात सर्वांत जास्त कॉल एकाच वेळी चालतात, तो अर्धा तास शोधा. आपल्या चोवीस जणांच्या ऑफिसात तो आकडा १० निघाला असं धरू. नऊ जण आपापल्या लॅपटॉपवर आणि एक मीटिंग रूमचा मोठा पडदा.

झूमने जाहीर केलेले आकडे हाताशी घेतले, तर अनेकांच्या बैठकीत ७२०पी चित्र पाठवायला २.६ आणि घ्यायला १.८ एमबीपीएस लागतात. १०८०पी साठी ३.८ आणि ३. म्हणजे जाण्याच्या दिशेने नऊ गुणिले २.६, अधिक रूमचे ३.८, मिळून साधारण २७. येण्याच्या दिशेने एकोणीस-वीस. आणि पंचवीस चेहऱ्यांच्या चौकटी एकदम पाहणारे असतील तर थोडं अधिक. प्रत्यक्षात कॉल बरेचदा याहून कमी खातात, कारण तुमचा चेहरा समोर छोट्या चौकटीत दिसत असेल तर प्रोग्रॅम लहान चित्रच पाठवतो. पण कमाल धरूनच चालावं. मेल, कोड चढवणं-उतरवणं, ब्राउझर या बाकीच्या कामांसाठी एक तृतीयांश जागा मोकळी ठेवली, की २७ चे ४० होतात. संध्याकाळी मिळतात ५२. म्हणजे या ऑफिसला नवा प्लॅन नकोच आहे. आणि पाहा, चणचण येण्याच्या बाजूला नाही, जाण्याच्या बाजूला आहे. जाहिरातीतला मोठा आकडा मात्र येण्याच्या वेगाचा असतो. जाण्याचा वेग वेगळा विचारून, शक्यतो लेखी घ्यावा. एका ठरावीक वापरानंतर वेग उतरवणारी फेअर यूसेजची अटही तेव्हाच विचारावी. दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच कॉल बिघडत असतील, तर संशय आधी तिच्यावर घ्या.

आता रांग. ती नेहमी सर्वांत अरुंद जागी लागते, आणि आत्ता ती अरुंद जागा नेटवाल्याच्या डब्यात आहे. तिथे तुमचा हुकूम चालत नाही. म्हणून सर्वांत अरुंद जागा आपल्या राउटरमध्ये आणायची. राउटरला सांगायचं की जाताना ५२ नव्हे, ४६ च पाठव. वाईटातल्या वाईट वेगाच्या साधारण नव्वद टक्के. लाईन तेवढी कधी भरतच नाही, डब्यात काही साचत नाही, आणि उरलेली रांग आपल्या ताब्यातल्या यंत्रात लागते, जिथे कुणाला आधी सोडायचं हे आपण ठरवू शकतो. क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे क्यूओएस, या भारदस्त नावाखालचा खरा पाया एवढाच आहे. बाजारातल्या कितीतरी राउटरमध्ये व्हिडिओ कॉलच्या चित्राला वर ओढून प्राधान्य द्यायची सोय असते. पण लाईनचा खरा वेग त्यात भरलेला नसेल, तर ती काहीच करत नाही. रांगच तिथे लागत नसेल, तर कुणाला पुढे सोडणार?

इथे एक मोह टाळायला हवा, तो म्हणजे दुपारचा नव्वदचा आकडा भरण्याचा. दुपारी सगळं सुरेख चालेल आणि सातला लाईन ५२ वर आली की रांग पुन्हा डब्यात जाईल. दुपारची चाळीसेक एमबीपीएस वाया जातात हे खरं, पण कॉल संध्याकाळी आहेत.

आपल्या राउटरमध्ये रांग आणल्यावर ती लावायची कशी, यावर गेल्या पंधरा वर्षांत फार चांगलं काम झालं आहे. १९८० च्या दशकात इंटरनेट कोंडून बंद पडायला लागलं होतं, तेव्हा त्यावरचा उपाय १९८८ साली व्हॅन जेकबसन यांनी मांडला होता. त्यांनीच कॅथलीन निकोल्स यांच्याबरोबर २०१२ मध्ये 'कोडेल' ही पद्धत पुढे आणली. रांगेत किती पाकिटं आहेत हे ती मोजतच नाही. प्रत्येक पाकीट किती वेळ उभं राहिलं, हे ती पाहते. शंभर मिलिसेकंदांच्या अवधीत एकही पाकीट पाच मिलिसेकंदांच्या आत सुटलं नाही, तर ती मुद्दाम पाकिटं टाकायला लागते, म्हणजे फाईल पाठवणारा इशारा घेऊन वेग कमी करतो. पुढे तिला समान वाटपाची जोड मिळाली: प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी, आणि सगळ्यांना आळीपाळीने संधी. बँकेच्या एकाच खिडकीवर दोनशे चेकचा गठ्ठा घेऊन आलेल्या माणसाचे चार-चार चेक घेत मधूनमधून पासबुकवाल्यांना मोकळं केलं, तर कुणीच खोळंबत नाही, तसंच हे. कॉलचा आवाज म्हणजे पासबुकवाला: थोडं थोडं पण सतत, आणि थांबायला वेळ नाही. बॅकअपला मात्र दहा मिनिटं जास्त लागली तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

या पद्धती राउटरच्या पडद्यावर `fq_codel` किंवा `cake` या नावांनी दिसतात. काही कंपन्या त्याला SQM किंवा Smart Queues म्हणतात. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये आपल्या ऑफिसची जाण्याची बाजू एका ओळीत बसते. त्यात `eth1` च्या जागी नेटकडे जाणाऱ्या पोर्टचं नाव येईल:

```
tc qdisc replace dev eth1 root cake bandwidth 46mbit diffserv4 nat dual-srchost
```

यातला शेवटचा शब्द महत्त्वाचा. त्यामुळे वाटप आधी कॉम्प्युटरांमध्ये होतं आणि मग त्या त्या कॉम्प्युटरच्या प्रवाहांमध्ये. वाटप नुसतं प्रवाहांनुसार असतं, तर वीस प्रवाह उघडून बसलेल्या एका लॅपटॉपने एकट्याने वीस वाटे घेतले असते. पुण्यात आणखी एका कारणाने याची गरज पडते: बरेच जण ग्राहक कंपनीच्या व्हीपीएनमधून काम करतात. व्हीपीएनच्या आत कॉल, फाईल, मेल सगळं एकाच बंद नळीतून जातं आणि राउटरला तो एकच प्रवाह दिसतो. त्या माणसाने कॉलच्या मध्येच मोठी फाईल ओढली तर त्याचा स्वतःचा आवाज तुटेल, त्याला राउटर काही करू शकणार नाही; पण शेजारच्याचा तुटणार नाही. कॉल व्हीपीएनच्या बाहेरून जाऊ द्यायला ग्राहक कंपनी तयार असेल, तर तोच खरा इलाज.

माझं मत असं की छोट्या ऑफिसाने इथे थांबून आठवडाभर पाहावं. कुठल्याही ॲपचं नाव न घेता बहुतेक तक्रारी एवढ्यावर मिटतात. तरीही कुरकुर राहिली तर प्राधान्याकडे वळायचं, आणि तेही सर्वांत खालून सुरू करून. बॅकअपला 'सर्वांत शेवटी' ही खूण लावणं सोपं असतं आणि त्याने जागाही सर्वांत जास्त मोकळी होते. शिवाय त्याची वेळ रात्री अकरावर ढकलायला तर काहीच लागत नाही. मग वरच्या टोकाला आवाज. आवाज फार स्वस्त आहे: एका कॉलला जेमतेम शंभर केबीपीएस, म्हणजे दहा कॉलना मिळून एक एमबीपीएस. त्याला सगळ्यांच्या पुढे सोडून दिलं तरी बाकीच्यांचं काही बिघडत नाही. चित्राला तसं सोडू नये. ते जड असतं, आणि जागा कमी पडली की ते आपोआप धूसर होऊन स्वतःला सावरून घेतं. चेहरा थोडा धूसर झाला तर बैठक चालते, वाक्यातला एक शब्द गळला तर ते वाक्य पुन्हा म्हणावं लागतं. आवाजाच्या वाटेलाही तीनेक एमबीपीएसची मर्यादा घालावी, नाहीतर चुकून भलत्याच गोष्टीला ती खूण लागली की ती सगळ्यांच्या डोक्यावर बसते.

राउटरने आवाज ओळखायचा कसा? पाकिटाच्या माथ्यावर डीएससीपी नावाचा एक छोटा आकडा लिहिता येतो. आवाजासाठी ४६ आणि चित्रासाठी ३४ हे रूढ आकडे आहेत. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये हे नीट लागतं, कारण प्रशासकाच्या पडद्यावरून सोय चालू केली की तो आवाजाला ५०००० ते ५००१९ हे पोर्ट देतो आणि चित्राला ५००२० ते ५००३९, आणि विंडोजमध्ये त्या पोर्टांवर आकडा लिहिण्याचं धोरण लावता येतं. झूमचे आवाज आणि चित्र सर्व्हरकडे ८८०१ ते ८८१० या यूडीपी पोर्टांनी एकत्रच जातात, तिथे नुसत्या पोर्टावरून राउटर त्यांना वेगळं काढू शकत नाही. फायरवॉलने हे पोर्ट अडवले असतील तर कॉल बंद पडत नाही, तो गुपचूप टीसीपीवरून चालतो. मग हरवलेलं प्रत्येक पाकीट पुन्हा मागवलं जातं, ते येईपर्यंत मागची सगळी अडकतात, आणि आवाज गचके खात येतो. म्हणून प्राधान्याचे नियम लिहिण्याआधी फायरवॉल तपासावी.

आणि हे आकडे आपल्या दारापर्यंतच चालतात. बाहेर पडल्यावर साध्या ब्रॉडबँडवर नेटवाला ते बहुधा पाहत नाही किंवा पुसून टाकतो. येण्याच्या बाजूची मर्यादा त्याहून मोठी आहे. ती रांग नेटवाल्याच्या टोकाला लागते, आणि आपल्याला एवढंच करता येतं की आलेली काही पाकिटं मुद्दाम टाकायची, म्हणजे पाठवणारा मंदावतो. ही लगाम ढिली असते, म्हणून येण्याच्या बाजूला मोजलेल्या वेगाच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवरच मर्यादा ठेवावी. एकाच वेळी चोवीस लॅपटॉपांवर विंडोजचं अपडेट उतरायला लागलं तर तीही अपुरी पडते. ते अपडेट दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत उरकून घ्यावं.

राउटरच्या ताकदीचाही विचार करावा लागतो. प्रत्येक पाकिटाची रांग लावायचं काम त्याच्या प्रोसेसरला करावं लागतं, आणि वेग वाढवणारी जी हार्डवेअरची आडवाट असते ती तेव्हा बंद ठेवावी लागते. घरगुती राउटर नुसता ५०० एमबीपीएस पुढे ढकलत असला तरी `cake` लावल्यावर त्याच्या निम्म्यावर, कधी त्याहून खाली येतो. मर्यादा ४६ ची घातली आणि तरी ३० च मिळत असतील, तर राउटरच्या पडद्यावर प्रोसेसरचा भार पाहा. तो शंभर टक्क्यांवर असेल तर राउटर बदलायला हवा. नेटचा प्लॅन बदलून काही होणार नाही.

वीज किंवा फायबर गेल्यावर दुसऱ्या कंपनीच्या लाईनवर जाणारी ऑफिसं एक गोष्ट विसरतात. ती दुसरी लाईन मोबाईल नेटवर असेल तर जाण्याचा वेग १० असू शकतो, आणि ४६ ची मर्यादा तिथे निरुपयोगी ठरते. प्रत्येक लाईनसाठी मर्यादा वेगळी मोजून भरावी लागते, आणि त्या दिवशी दहाच्या दहा कॉल चित्रासह चालणार नाहीत हे आधीच ठरवून कॅमेरे बंद करायचे.

सगळं लावून झाल्यावर तीच दोन खिडक्यांची तपासणी पुन्हा करा, पण संध्याकाळी सात वाजता आणि बॅकअप मुद्दाम चालू ठेवून. बाहेरचा आकडा मोकळ्या लाईनपेक्षा दहा-वीस मिलिसेकंदांनीच वर राहिला तर काम झालं. तो अजूनही शंभरांनी उड्या मारत असेल, तर लाईन त्या वेळी ५२ पेक्षाही खाली जातेय. मर्यादा ४० वर आणून पाहा, मग ३५ वर. ३५ वर आकडा स्थिर झाला, तर या ऑफिसला लागणारे ४० त्या लाईनवर संध्याकाळी मिळत नाहीत, हे सिद्ध झालं. मग शेजाऱ्यांत न वाटलेली, जाण्या-येण्याचा सारखाच वेग करारात लिहून देणारी लीज्ड लाईन घ्यायची वेळ आली. ती ब्रॉडबँडच्या कित्येक पट महाग पडते. पण तेव्हा किती घ्यायची याचा आकडा तुमच्याकडे असेल. विकणारा १०० म्हणेल, तुम्ही ५० मागा.